आरती आठला, दर्शन त्याआधी किंवा नंतर

‘आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती आहे, दर्शनाला नक्की या,’ असा निरोप आला की पाहुणा बोटं मोजायला लागतो. चतुर्थी धरून पाच की सोडून? विसर्जन पाचव्या दिवशी सकाळी की संध्याकाळी? गौरींबरोबर जाणाऱ्या गणपतीचं तर आणखी अवघड. गौरी नक्षत्रावर येतात आणि जातात, त्यामुळे मुक्कामाचे दिवस दरवर्षी सारखे नसतात. म्हणून निरोपात दिवसांचा आकडा न देता तारीख आणि वार लिहावेत.

२०२५ चंच बघा. चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती. गौरी रविवारी ३१ ला आल्या, सोमवारी जेवल्या आणि मंगळवारी, २ सप्टेंबरला गेल्या. अशा घरी मधला शनिवार-रविवार गर्दीचा. त्यातही रविवारी घरातल्या बायका गौरींच्या तयारीत असतात. म्हणजे सगळ्यांना बोलवायला खरा मोकळा दिवस शनिवार. हे हिशेब यजमानाने करायचे. मग निरोप असा जातो:

‘बाप्पा बुधवार २७ ते मंगळवार २ आपल्याकडे आहेत. आरती रोज सकाळी साडेआठ आणि रात्री आठ. शनिवारी संध्याकाळी पाचपासून आम्ही सगळे घरीच आहोत, तेव्हा सवडीने या. आरती चुकली तरी प्रसाद चुकणार नाही. मंगळवारी चार वाजता उत्तरपूजा.’

आरतीची वेळ खरी लिहावी. लोक उशिरा येतात म्हणून आठची आरती साडेसात सांगायची युक्ती बऱ्याच घरी चालते. त्यात वेळेवर आलेली आत्याच अर्धा तास ताटकळते. चार-पाच आरत्या आणि मंत्रपुष्पांजली धरून अर्धा तास जातो. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आजोबा बरोबर असतील, तर पाहुण्याला हे आधी कळलेलं बरं.

दर्शन आणि जेवण यांची सरमिसळ मात्र नको. ‘या’ म्हटलं की दर्शन, प्रसाद, चहा. जेवायला बोलवायचं तर वेगळा फोन करून ‘सोमवारी दुपारी गौरींच्या जेवणाला या, पानं साडेबाराला मांडू’ असं स्पष्ट सांगावं, म्हणजे स्वयंपाकाचा अंदाज येतो आणि पाहुणाही घरून जेवून निघत नाही. मित्रांना व्हॉट्सअ‍ॅप पुरतं. काका-काकूंना, मामा-मामींना फोनच करावा. ग्रुपवरचा निरोप त्यांना बोलावणं वाटत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. ‘काय आणू?’ असं कुणी विचारलंच, तर दूर्वा सांगाव्यात. पेढ्यांचे खोके तसेही उरतात.

सगळ्यात घोटाळा होतो तो शेवटच्या दिवशी. ‘विसर्जन सहाला’ एवढंच वाचून लोक साडेपाचला येतात. तोवर उत्तरपूजा होऊन मूर्ती जागेवरून हललेली असते, घरचे पाटासह दारात उभे असतात. त्या दिवशी निरोपात विसर्जनाआधी उत्तरपूजेची वेळ हवी. उशीर झालेल्यांना थेट घाटावर किंवा हौदापाशी बोलवावं, शेवटची आरती तिथे होतेच.