उत्प्रेरक आणि ऊर्जेचा आलेख : काय बदलते, काय बदलत नाही

रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत एक आकृती वारंवार विचारली जाते. उत्प्रेरकाविना आणि उत्प्रेरकासह होणाऱ्या अभिक्रियेचा ऊर्जा-आलेख काढा, असा तो प्रश्न असतो. उत्तरात दोन टेकड्या काढल्या जातात, एक उंच व एक ठेंगणी, आणि बहुतेकांना तेवढे पुरेसे वाटते. वास्तविक या आकृतीचे मर्म टेकड्यांच्या शिखरांइतकेच त्यांच्या पायथ्यांत आहे. पायथा चुकला तर आकृती निसर्गात अशक्य असलेली गोष्ट सांगू लागते. हे स्पष्ट व्हावे म्हणून एकच अभिक्रिया घेऊन तिचा आलेख मापात काढून पाहू.

हायड्रोजन आयोडाइड हा रंगहीन वायू आहे. तो तापवला की त्याचे काही रेणू फुटतात आणि हायड्रोजन व आयोडीन तयार होतात. आयोडीनची वाफ जांभळी असल्याने हा बदल डोळ्यांनाही दिसतो. उलट बाजूने हायड्रोजन व आयोडीन एकत्र येऊन पुन्हा हायड्रोजन आयोडाइड बनवीत असतात :

2HI ⇌ H₂ + I₂

जर्मन रसायनशास्त्रज्ञ माक्स बोडेनश्टाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या अभिक्रियेचा बारकाईने अभ्यास केला. पुढे इंग्लंडमध्ये सिरिल हिन्शेलवूड व त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच अभिक्रिया सोने आणि प्लॅटिनम यांच्या पृष्ठभागावर कशी होते ते मोजले. त्यामुळे एकाच अभिक्रियेचे तीन मार्ग आपल्यासमोर आहेत. धातूविना सक्रियण ऊर्जा १८४ किलोज्यूल, सोन्यावर १०५ आणि प्लॅटिनमवर ५९. सक्रियण ऊर्जा म्हणजे जुने बंध सैल होऊन नवे जुळण्यासाठी रेणूंना जी चढण चढावी लागते तिची उंची. अभिक्रिया पूर्ण झाल्यावर मात्र ऊर्जेत पडणारा एकूण फरक लहान आहे. दोन मोल हायड्रोजन आयोडाइड फुटले की सुमारे १० किलोज्यूल ऊर्जा शोषली जाते. हाच या अभिक्रियेचा एन्थाल्पी बदल.

आता आलेख-कागद घ्यावा. उभ्या अक्षावर ऊर्जा आणि आडव्या अक्षावर 'अभिक्रियेची प्रगती' असे लिहावे. आडव्या अक्षावर 'वेळ' लिहिणे चूक आहे. अभिक्रियेला किती मिनिटे लागतात हे ही आकृती दाखवीत नाही; रेणू कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जातात एवढेच ती दाखवते. प्रमाण १ सेंमी = २० किलोज्यूल असे धरावे.

डावीकडे सोयीच्या उंचीवर एक छोटी आडवी रेषा काढावी. ही अभिक्रियाकारकांची, म्हणजे हायड्रोजन आयोडाइडची, पातळी. उजवीकडे तिच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर वर दुसरी रेषा काढावी. ही उत्पादितांची पातळी. वक्ररेषा काढण्यापूर्वीच या दोन रेषा शाईने पक्क्या कराव्यात, कारण यापुढे त्यांना हात लावायचा नाही. मग डाव्या रेषेपासून मोजून ९.२ सेंमी उंचीवर पहिले शिखर, ५.२५ सेंमीवर सोन्याचे आणि साधारण २.९५ सेंमीवर प्लॅटिनमचे शिखर खुणेने दाखवावे. तिन्ही वक्र डावीकडे एकाच रेषेतून निघावेत आणि उजवीकडे एकाच रेषेवर उतरावेत.

बाण काढतानाही काळजी घ्यावी लागते. सक्रियण ऊर्जेचा बाण अभिक्रियाकारकांच्या पातळीपासून शिखरापर्यंत जातो. आडव्या अक्षापासून नव्हे. एन्थाल्पी बदलाचा बाण दोन पातळ्यांमध्येच असतो. शिखराशी त्याचा संबंध नाही. तीन वक्रांसाठी सक्रियण ऊर्जेचे तीन बाण होतील, पण एन्थाल्पी बदलाचा बाण एकच राहील.

हा बाण एकच का? एन्थाल्पी बदल फक्त आरंभीच्या व अखेरच्या अवस्थेवर अवलंबून असतो, मधल्या वाटेवर नाही. हेस यांनी १८४० मध्ये मांडलेल्या नियमाचा हाच आशय आहे. डोंगराच्या दोन बाजूंना असलेल्या दोन गावांच्या उंचीतील फरक, माणूस माथ्यावरून गेला काय किंवा खिंडीतून गेला काय, तेवढाच राहतो. सोने अभिक्रियेच्या शेवटी जसेच्या तसे उरते, म्हणून हिशेबात त्याची स्वतःची भर किंवा तूट नसते.

समतोलाचे उत्तर याच आकृतीत उलट दिशेने पाहिले की मिळते. उजवीकडून डावीकडे येणाऱ्या रेणूंसाठी चढण उत्पादितांच्या पातळीपासून मोजावी लागेल. धातूविना ती १८४ वजा १०, म्हणजे १७४ किलोज्यूल. सोन्यावर १०५ वजा १०, म्हणजे ९५. जाण्याची चढण ७९ ने घटली आणि परतीचीही नेमकी ७९ नेच घटली. सुमारे ४२५ अंश सेल्सिअस तापमानाला चढणीतील या घटीचा वेगावर होणारा परिणाम गणिताने काढला तर तो सुमारे आठ लाख पट येतो. प्रत्यक्ष वेग धातूचा किती पृष्ठभाग उपलब्ध आहे यावरही ठरतो, म्हणून हा आकडा वेगवाढीचे अंतिम माप समजू नये. महत्त्वाचे हे की जो गुणाकार जाण्याला लागतो तोच परतीलाही लागतो. दोन्ही वेग सारख्याच पटीने वाढले, तर त्यांचे गुणोत्तर बदलत नाही आणि समतोलाचे स्थानही हलत नाही.

याच तापमानाला शुद्ध हायड्रोजन आयोडाइड बंद भांड्यात ठेवले तर शेवटी सुमारे २१ टक्के फुटते आणि ७९ टक्के तसेच राहते. सोने घातले तरी २१ टक्केच, प्लॅटिनम घातले तरी २१ टक्केच. तेथवर पोहोचण्याचा अवधी तेवढा कमी होतो. 'उत्प्रेरकाने उत्पादन वाढते' हे विधान म्हणूनच सावधपणे घ्यावे. ठरावीक वेळेत हाती येणारे प्रमाण वाढू शकते. समतोलाची मर्यादा ओलांडता येत नाही.

समजा एखाद्या विद्यार्थ्याने ठेंगण्या टेकडीसोबत उजवीकडची पातळीही खाली उतरवली. त्या आकृतीचा अर्थ काय होईल? सोन्याच्या वाटेने रेणू फोडावेत, धातू बाहेर काढावा, साध्या वाटेने ते पुन्हा जोडावेत आणि प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा फुकट मिळवावी! शून्यातून ऊर्जा देणारे असे यंत्र निसर्ग चालू देत नाही. पेन्सिलीची एक चुकलेली रेष ऊर्जेच्या अक्षय्यतेलाच नाकारते, म्हणून परीक्षक तिला किरकोळ मानत नाही.

या आकृतीच्या दोन मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. धातूवरील खरी वाट एका टेकडीची नसते. रेणू आधी पृष्ठभागाला चिकटतात, तेथे फुटतात, मग सुटतात. म्हणून खऱ्या वक्रात लहानमोठे चढउतार असतात. शालेय आकृतीत ते एका शिखरात सामावून घेतलेले असतात. दुसरे असे की समतोलाचे स्थान केवळ एन्थाल्पी बदलाच्या बाणावरून वाचता येत नाही. त्यात एन्ट्रॉपीचाही वाटा असतो. मात्र दोन्ही टोकांचे पदार्थ तेच असल्यामुळे उत्प्रेरक त्या हिशेबालाही धक्का लावत नाही. समतोल हलवायचाच असेल तर येथे तापमान बदलावे लागेल. ही अभिक्रिया ऊष्मा शोषणारी असल्याने तापमान वाढवल्यास थोडे अधिक हायड्रोजन आयोडाइड फुटेल.

आकृती पूर्ण झाल्यावर पट्टीने तीन मापे घ्यावीत. जाण्याची चढण किती घटली, परतीची किती घटली आणि दोन पातळ्यांमधील अंतर किती राहिले. पहिली दोन मापे सारखी आली आणि तिसरे पूर्वीइतकेच राहिले, तर आकृती बरोबर आहे.