प्लास्टर घातल्यावरची पहिली रात्र

कुणाचा पाय मोडला की हॉस्टेलमध्ये आपण आधी काय शोधतो? मार्कर! प्लास्टरवर सह्या, कार्टून, वर एखाद्या मुलीचं नाव (ती कधी बघायला येत नाही, ही गोष्ट वेगळी). सह्या जरूर करा, पण दोन-तीन दिवसांनी. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी लागल्यावर पाच-दहा मिनिटांत घट्ट होतं, पण घट्ट होणं वेगळं आणि वाळणं वेगळं. पायाचं जाड प्लास्टर आतपर्यंत वाळायला दोन ते तीन दिवस लागतात. तोवर ते बोटांनी धरून उचललं तर खड्डा पडतो. बाहेरचा खड्डा म्हणजे आतून उंचवटा, आणि तो उंचवटा दिवसरात्र कातडीला टोचत राहतो. म्हणून पाय तळहातांवर उचलायचा, मऊ उशीवर ठेवायचा, वर चादर न घालता पंख्याखाली वाळू द्यायचा. हेअर ड्रायर नको. बाहेरून वाळतं, आत ओलं राहतं आणि कातडी भाजते ती वेगळीच.

पण पहिल्या रात्रीची खरी काळजी प्लास्टरची नसते, त्याच्या आतल्या पायाची असते.

गुडघ्याखालच्या पायात स्नायूंचे चार कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याभोवती फॅशिया नावाचं चिवट आवरण असतं आणि ते फारसं ताणलं जात नाही. हाड मोडलं की आत रक्त साचतं, स्नायू सुजतात, पण कप्पा काही मोठा होत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर व्हॉल्यूम फिक्स्ड आहे आणि आत माल भरतोय, म्हणजे प्रेशर वाढणारच. त्यावर बाहेरून प्लास्टर असेल तर उरलीसुरली जागाही गेली. यालाच कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. नडगीचं हाड मोडलेल्या तरुण मुलांमध्ये हा जास्त दिसतो, म्हणजे आपल्याच गटात. हातातही होतो. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ मध्येच लिहून ठेवलं होतं की घट्ट बांधलेल्या हाताचे स्नायू रक्ताअभावी मरतात आणि बोटं कायमची आखडतात.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. कप्प्यातलं प्रेशर एरवी १० मिमी मर्क्युरीच्या खाली असतं. ते ४०-५० झालं की बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायूंना रक्त मिळत नाही. पण मोठ्या धमनीत १२० चं प्रेशर आहे, ती वाहतच राहते. त्यामुळे पावलाची नाडी लागते, बोटं गुलाबी दिसतात, नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत लाली परत येते. सगळं ठीक दिसतं आणि आत स्नायू मरत असतो. नाडी जाणं, पाऊल थंड पडणं, बोटं न हलणं ही उशिराची लक्षणं आहेत. त्यांची वाट बघायची नसते.

लवकरचं लक्षण एकच, दुखणं. पण कसलं दुखणं? मोडलेल्या हाडाचं दुखणं पाय स्थिर ठेवल्यावर आणि गोळी घेतल्यावर हळूहळू उतरतं. हे उतरत नाही, तासातासाला चढतं.

आमच्या विंगमधल्या एका सेकंड इयरच्या मुलाची केस सांगतो. फुटबॉल खेळताना संध्याकाळी पाच वाजता नडगीला फ्रॅक्चर. हाड सरकलेलं नव्हतं, म्हणून स्लॅब घालून, मागचं प्लास्टर आणि वरून बँडेज बांधून, रात्री नऊला रूमवर पाठवलं. त्याच्या रूममेटने एक छान काम केलं. जर्नलच्या मागच्या पानावर कॉलम आखले आणि दर तासाला नोंद सुरू केली: दुखणं दहापैकी किती, बोटांचा रंग, नखाची लाली, बोटं हलतात का, स्पर्श कळतो का. प्रत्येक वेळी दुसऱ्या पायाशी तुलना करून.

दहा वाजता दुखणं ४. अकराला गोळी घेऊनही ५. बाराला ७. रंग ठीक, लाली ठीक. पाऊणला ९, आणि पायाच्या अंगठ्याच्या व शेजारच्या बोटाच्या बेचक्यात मुंग्या. ती जागा म्हणजे पुढच्या कप्प्यातून जाणाऱ्या नर्व्हचा पत्ता. मग त्याने अंगठा हलकेच खाली वाकवला. अंगठा खाली गेला की नडगीजवळचा स्नायू ताणला जातो. मुलगा ओरडला, आणि दुखलं अंगठ्यात नाही, नडगीत. (अंगठा वर केल्यावर पोटरीत खोलवर कळ आली, तर मागच्या कप्प्यावर संशय घ्यायचा.)

तोपर्यंत पाय डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उशांवर होता, छातीपेक्षा साधारण ३० सेंटिमीटर वर. साध्या सुजेला हे बरोबरच आहे. पण कंपार्टमेंटचा संशय आला की पाय छातीच्या लेव्हलला आणायचा, ना वर ना खाली. का? फ्लुइड मेकॅनिक्स! पाय ३० सेंटिमीटर उचलला की तिथलं रक्ताचं प्रेशर साधारण २३ मिमीने कमी होतं, पण कप्प्यातलं प्रेशर तेवढं उतरत नाही.

रेक्टर सरांनी गाडी काढली आणि सव्वा वाजता पोरगा कॅज्युअल्टीत होता. निघताना कुणीतरी चहा पुढे केला, तो रूममेटने देऊ दिला नाही. ऑपरेशन लागू शकतं, पोट रिकामं हवं. तिथल्या डॉक्टरांनी आधी बँडेज, स्लॅब आणि आतला कापूस, सगळं कातडीपर्यंत कापलं. नुसतं वरचं प्लास्टर कापून भागत नाही. रक्ताने भिजून वाळलेला कापूसही आवळून धरतो. अर्ध्या तासात आराम पडला असता तर प्रश्न मिटला असता. पडला नाही. मग सुईने प्रेशर मोजलं, ४८ निघालं. ब्लड प्रेशर ११६/७० होतं. खालच्या आकड्यातून कप्प्याचं प्रेशर वजा करायचं: ७० वजा ४८, म्हणजे २२. एडिंबरामधल्या मॅक्वीन आणि कोर्ट-ब्राऊन यांनी १९९६ मध्ये नडगीच्या ११६ फ्रॅक्चर्सवर अभ्यास करून हा फरक ३० च्या खाली नको असं मांडलं, आणि डॉक्टर आजही तोच आकडा धरतात. इथे २२. पाय उशांवरच राहिला असता तर? जवळपास शून्य.

तीन वाजता फॅशियोटॉमी झाली, म्हणजे कातडी आणि फॅशिया लांब चिरून कप्पे उघडले. जखम तशीच उघडी ठेवतात आणि सूज उतरल्यावर काही दिवसांनी बंद करतात, कधी मांडीची कातडी लावून. दिसायला भयानक, पण स्नायू वाचतो. रक्त तुटल्यापासून साधारण सहा तासांनंतर स्नायू परत येण्याची खात्री नसते, म्हणून "सकाळी ओपीडीत दाखवू" हे इथे चालत नाही. तो मुलगा आता चालतो, नडगीवर लांब व्रण घेऊन.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ही सगळी पाहणी पेशंट जागा आणि शुद्धीवर असण्यावर चालते. झोपेची गोळी किंवा "थोडी घे, दुखणं विसरशील" वाली बाटली दिली, तर एकमेव लवकरचं लक्षण तुम्हीच पुसून टाकता. हाड जखमेतून बाहेर आलंय म्हणजे प्रेशर निघून गेलं, हाही गैरसमजच.

पहिले ४८ तास नीट गेले की धोका बराच उतरतो. मग उरतात सहा-आठ आठवड्यांच्या कटकटी. सूज उतरून प्लास्टर ढिलं झालं तर दाखवून बदलून घ्यायचं. आतून घाण वास आला, एकाच जागी जळजळ होत राहिली किंवा ताप आला तर प्लास्टरखाली जखम आहे असं समजायचं. आणि खाज सुटली म्हणून ड्रॉइंगची स्टील पट्टी आत घालायची नाही. वरून टकटक करा, पंखा लावा, नाहीतर डॉक्टरांना खाजेची गोळी विचारा.