पाळीच्या दिवसांतलं वजन: कोणता आकडा कशाशी ताडायचा?

माझी धाकटी बहीण तेल-गोड कमी करून रोज चालायला लागली. पाळीच्या आठव्या दिवशी काट्यावर ६८.२ किलो भरली होती, सव्विसाव्या दिवशी ६९.१. "आपा, कमी खाऊन वजन वाढलं!" म्हणून सगळं सोडायला निघाली.

वाढलं होतं ते बहुधा पाणी. पाळीच्या आधी हार्मोन्स बदलतात, शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटही नीट साफ होत नाही. कुणाचं वजन अर्धा-एक किलो वाढतं, कुणाचं दोन, कुणाचं अजिबात नाही. पाळी सुरू झाली की काही दिवसांत हे पाणी उतरतं. एक किलो चरबी चढायला मात्र गरजेपेक्षा सुमारे ७,००० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात, आणि ही तर कमी खात होती.

पाळी सुरू झाली तो पहिला दिवस धरून मी तिला पुढच्या आठव्या दिवसापर्यंत थांबवलं. तेव्हा भरलं ६७.४. आठव्याशी आठवा ताडला तर ८०० ग्रॅम कमी.

वजन सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी करावं. काटा तोच, ठेवायचा फरशीवर, सतरंजीवर चुकतो. आदल्या रात्री दावत झाली असेल तर तो आकडाही फसवतो, म्हणून सात, आठ, नऊ अशा तीन दिवसांची सरासरी काढलेली बरी.

पाळी अनियमित असेल तर दिवस जुळणार नाहीत. मग दर आठवड्याची सरासरी लिहून दोन-तीन महिन्यांचा कल पाहावा. पाळी संपूनही पायावर सूज राहिली, दाबल्यावर खड्डा पडला, तर डॉक्टरांना दाखवा.