काडेपेटीची तीन वळणं आणि सहा अदलाबदली

आज एकच प्रश्न घेऊ, पण तो शेवटपर्यंत नेऊ. क्लाइनच्या चार घटकांच्या ग्रुपचा ऑटोमॉर्फिझम ग्रुप म्हणजे तीन अक्षरांचा सिमेट्रिक ग्रुप, S₃, असं बीजगणिताची पुस्तकं एका ओळीत सांगून पुढे जातात. आम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, त्यामुळे आम्हाला त्या ओळीतला ‘अक्षरं’ हा शब्द अडवतो. अक्षर म्हणजे नुसतं नाव, ज्याच्या मागे स्वतःचा काही गुण नाही. मग ग्रुपमधले तीन घटक नुसती नावंच आहेत का?

एक काडेपेटी घ्या. टेबलावर आडवी ठेवा, छाप वर. तिच्या एका टोकाला पेनाने लाल ठिपका द्या. आता पेटी उचलून अशी फिरवायची, की पुन्हा त्याच जागेत तशीच बसेल. पेटीची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही वेगळ्या, म्हणून फार पर्याय उरत नाहीत. लांबीच्या अक्षाभोवती अर्धा फेरा दिला, की छाप खाली जाते आणि ठिपका आपल्या टोकालाच राहतो. याला a म्हणू. रुंदीच्या अक्षाभोवती अर्धा फेरा दिला, की छाप खाली जाते आणि ठिपकाही दुसऱ्या टोकाला जातो. हे b. टेबलावर पडल्या पडल्याच अर्धी फिरवली, की छाप वर राहते, ठिपका मात्र टोक बदलतो. हे c. आणि चौथं म्हणजे काहीच न करणं, ते e. फेलिक्स क्लाइन यांनी १८८४ च्या विंशतिफलकावरच्या पुस्तकात या रचनेला ‘फिअरग्रुप्पे’, म्हणजे चौघांचा ग्रुप, म्हटलं. म्हणून त्यांचं नाव.

आता करून बघा. आधी a करा, मग c. छाप खाली गेली, ठिपक्यानं टोक बदललं. म्हणजे एकूण b झालं. उलट क्रमानं केलंत तरी b च. कुठलंही वळण दोनदा केलं, की पेटी पूर्ववत. सगळा हिशोब दोन वाक्यांत मावतो: प्रत्येक वळण स्वतःशी जोडलं की e, आणि कुठलीही दोन वेगळी वळणं जोडली की तिसरं.

ही दोन वाक्यं पुन्हा वाचा. त्यांत a, b, c यांपैकी एकाचंही नाव नाही. आजच्या विषयाचं मर्म इथेच आहे. पुढचं सगळं याचाच हिशोब.

ऑटोमॉर्फिझम म्हणजे काय? घटकांची नावं अशी बदलायची, की गुणाकाराचा तक्ता जसाच्या तसा खरा राहील. e ला हलवता येत नाही, कारण ‘काहीच न करणं’ ही भूमिका तक्त्यात एकाचीच असते. उरले तिघे. a ला तिघांपैकी कुठेही पाठवा. b साठी मग दोन जागा उरतात. c ला निवडच नाही, कारण c म्हणजे ab, आणि त्या दोघांची जागा ठरली की त्याचीही ठरली. म्हणजे सहाच्या वर ऑटोमॉर्फिझम असणार नाहीत.

पण सहाच्या सहा चालतात का? विद्यार्थी हीच पायरी गाळतात. एक उदाहरण तपासू. a आणि b ची अदलाबदल करा, c जागेवर. जुना तक्ता म्हणतो bc = a. नव्या नावांनी b च्या जागी a आला, a च्या जागी b; तेव्हा ac = b हवं. आहेच. ab = c चं ba = c होतं; तेही खरं. बाकीच्या पाच अदलाबदली अशा एकेक तपासायची गरज नाही, कारण आपली दोन वाक्यं कुणाचं नावच घेत नाहीत. ‘दोन वेगळे जोडले की तिसरा’ हे तिघांना कसंही फिरवलं तरी खरंच.

अजून एक सावधगिरी. सहा आले म्हणून S₃ झाला असं नाही. सहा घटकांचा चक्रीय ग्रुपही असतो. म्हणून अदलाबदली एकापुढे एक करून पाहायच्या. आधी a-b बदला, मग b-c. a जातो b वर आणि तिथून c वर. आता क्रम उलटा: आधी b-c, मग a-b. या वेळी a जातो b वर. उत्तर वेगळं आलं, म्हणजे क्रमाला महत्त्व आहे. चक्रीय ग्रुपमध्ये असं होत नाही. गंमत बघा, मूळ ग्रुपमध्ये क्रमानं काही फरक पडत नव्हता, आणि त्याच्या ऑटोमॉर्फिझममध्ये पडतो.

तीन आहेत म्हणून सहा, इतकं सोपं हे नाही. घड्याळासारखा चार घटकांचा चक्रीय ग्रुप घ्या: पाव, अर्धा आणि पाऊण फेरा. इथेही e सोडून तिघेच. पण अर्धा फेरा दोनदा केला की पूर्ववत, पाव फेरा मात्र चारदा करावा लागतो. अर्धा फेरा तक्त्यातच ओळखू येतो, म्हणून तो हलत नाही. पाव आणि पाऊण तेवढे बदलता येतात. ऑटोमॉर्फिझम दोनच.

आणि क्लाइनचाच ग्रुप वाढवला तर? विजेची तीन बटणं घ्या, p, q, r. कुठली दाबायची याचे आठ पर्याय. काहीच न दाबणं सोडलं तर सात. इथेही प्रत्येक घटक स्वतःशी जोडला की e. सातांच्या अदलाबदली ५०४०, पण ऑटोमॉर्फिझम फक्त १६८. कारण p आणि q जागेवर ठेवले की pq ला जागेवर राहावंच लागतं. त्याची r शी अदलाबदल केली की तक्ता मोडतो. p ला ७ जागा, q ला ६, आणि त्या दोघांची बेरीजही वगळून r ला ४. सातांमध्ये कोण कुणाची बेरीज याचं नातं आहे. तिघांमध्ये नातं एकच, आणि ते तिघांचं मिळून आहे, म्हणून कुणाला अडवत नाही.

आता आमचा मूळचा प्रश्न. लाइब्निझ म्हणतात, दोन वस्तूंचे सगळे गुण सारखे असतील तर त्या दोन नाहीतच, एकच. ग्रुपच्या भाषेत a बद्दल जे जे खरं बोलता येतं ते b बद्दलही खरं आहे. त्यांची अदलाबदल करणारा ऑटोमॉर्फिझम हेच सांगतो. तरीही a आणि b दोन आहेत, कारण त्यांना जोडलं की e येत नाही. त्यांचं वेगळेपण गुणात नाही, परस्परसंबंधात आहे. लाइब्निझचं तत्त्व वाचवायचं तर संबंधांनाही गुण मानावं लागेल, आणि तो सौदा आम्हाला तरी स्वस्त वाटत नाही.

कुणी म्हणेल, पेटीवर तर फरक दिसतो. A मध्ये ठिपका टोक बदलत नाही! बरोबर, पण ते पेटीचं ज्ञान, तक्त्याचं नव्हे. पेटीच्या लांबी-रुंदीमुळेच एक अक्ष दुसऱ्यावर नेता येत नाही. आता पेटी ठेवा बाजूला आणि लुडोचा फासा घ्या. फाशाची स्वतःवर बसणारी वळणं २४. त्यांतली तिन्ही अक्ष आपापल्या जागी ठेवणारी नेमकी चार, तीच आपली e, a, b, c. उभ्या अक्षाभोवती पाव फेरा दिला की आडवे दोन अक्ष जागा बदलतात. दोन समोरासमोरचे कोपरे चिमटीत धरून एक तृतीयांश फेरा दिला की तिन्ही अक्ष चक्राकार सरकतात. २४ भागिले ४ म्हणजे ६: पेटीत ज्या सहा अदलाबदली कागदावरच राहिल्या होत्या, त्या फाशावर हातानं करून दाखवता येतात.