ईमेलमधून उलगडणारी कथा

पत्रांमधून सांगितलेली कथा ही जुनी परंपरा आहे. सॅम्युएल रिचर्डसनची ‘पामेला’ ही इंग्रजी कादंबरी 1740 साली आली आणि या प्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळाला. आता पत्राची जागा ईमेलने घेतली आहे. डॅनियल ग्लाटाउअर या ऑस्ट्रियन लेखकाची 2006 मधली जर्मन कादंबरी पूर्णपणे ईमेलमध्ये आहे आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या एका मेलपासून ती सुरू होते. दोन सहकाऱ्यांमधला गैरसमज आणि त्याची हळूहळू होणारी उकल, हा विषय लघुकथेत या प्रकाराला विशेष मानवतो.

याचे कारण ईमेलच्या स्वभावात आहे. त्यात आवाज ऐकू येत नाही, चेहरा दिसत नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, आपला उपरोध वाचणाऱ्याला साधारण 78 टक्के वेळा कळेल असे ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात तो 56 टक्के वेळाच ओळखला गेला. लिहिणाऱ्याच्या मनात सूर वाजत असतो, वाचणाऱ्यासमोर मात्र नुसते शब्द असतात. कथा या फटीत घडते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मिलिंद एका कंपनीच्या पुण्यातल्या हिशेब विभागात आहे, वर्षा कोल्हापूरच्या विक्री विभागात. सोमवारी संध्याकाळी मिलिंद लिहितो : ‘वर्षा मॅडम, बिल परत पाठवत आहे. ग्राहकाचा जीएसटी क्रमांक पुन्हा तपासावा.’ मेलची प्रत साहेबांना गेलेली आहे. वर्षाला वाटते, चूक साहेबांच्या कानावर घालण्यासाठीच हे केले. तिचे उत्तर रात्री अकराला जाते : ‘क्रमांक ग्राहकानेच दिलेला आहे. माझ्या कामाबद्दल अडचण असल्यास आधी मला कळवावे.’ मिलिंदचे उत्तर दोन शब्दांचे : ‘नोंद घेतली.’

इथे कोणीही वाईट वागलेले नाही, आणि कथेची पहिली अट हीच आहे. एक जण सरळसरळ दुष्ट ठरला तर तो गैरसमज राहत नाही, भांडण होते. दुसरी अट अशी की गैरसमजाचे कारण वाचकाच्या डोळ्यांसमोर असावे. साहेबांना गेलेली प्रत वाचकाने पहिल्याच मेलमध्ये पाहिली आहे. तिचा अर्थ त्याला नंतर कळायचा आहे.

ईमेलचा सांगाडाही कथा सांगतो. पाठवल्याची वेळ, प्रत कोणाला गेली, संबोधन, खालची सही, दोन मेलमधले अंतर, या साऱ्यांतून निवेदकाचे काम होते. रात्री अकराची वेळ वर्षाचा राग सांगते, तो शब्दांत सांगावा लागत नाही. ‘मॅडम’ गळून नुसते ‘वर्षा देशमुख यांस’ आले, की दुरावा वाढल्याचे कळते.

उकल मात्र एका खुलाशाने होऊ नये. उदाहरणात दोन दिवस कोणीच लिहीत नाही. मग ग्राहक पैसे अडवतो आणि कामच दोघांना पुन्हा बोलायला लावते. वर्षा क्रमांक तपासते. त्यात दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ती दुरुस्त क्रमांक पाठवते, पण क्षमा मागत नाही. फक्त या वेळी साहेबांना प्रत नसते. मिलिंद लिहितो : ‘आभार. परत पाठवलेल्या प्रत्येक बिलाची प्रत साहेबांना द्यायची, अशी सूचना आहे. खाली जोडली आहे.’ ती मूळ सूचना मागच्या महिन्यातली असते. वर्षा कळवते, त्या आठवड्यात ती आईच्या ऑपरेशनसाठी रजेवर होती, सूचना वाचायची राहून गेली. मिलिंदला हे ठाऊक नव्हते. तोही मान्य करतो की प्रतीचे कारण एका ओळीत लिहिता आले असते. असे प्रत्येक मेलमध्ये एकेक पाऊल पुढे पडते.

या प्रकारात दोन ठिकाणी हमखास घसरण होते. एक म्हणजे दोघांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी केवळ वाचकासाठी मेलमध्ये लिहिणे. ‘आपल्याला माहीतच आहे की आपली कंपनी पंप बनवते’ असे कोणताही सहकारी लिहीत नाही. ती माहिती सहीखालच्या हुद्द्यातून किंवा मेलच्या विषयातून यावी. दुसरी म्हणजे, ‘हे दोघे सरळ फोन का करत नाहीत?’ हा वाचकाचा प्रश्न अनुत्तरित ठेवणे. वेगळी शहरे हे अर्धेच उत्तर झाले. दुखावलेला माणूस फोन टाळतो आणि लेखी पुरावा राखतो, हे वर्षाच्या दुसऱ्या मेलमधल्या ताठर भाषेतून दिसले, की वाचकाला ते पटते.

शेवटच्या मेलमध्ये मैत्रीची घोषणा नको. पुढच्या बिलाबद्दल वर्षा लिहिते : ‘मिलिंद, हे पाठवण्याआधी एकदा बघाल का?’ विश्वास परत आला आहे हे या विनंतीतून कळते, आणि कथा तिथे पूर्ण होते.