स्पेलिंगमधली संधी

स्पर्धा परीक्षेतल्या ‘योग्य स्पेलिंग ओळखा’ या प्रश्नाचे चारही पर्याय वाचताना सारखेच लागतात. ‘अकरन्स’, म्हणजे घटना, हा शब्द घ्या. एका पर्यायात सी एकच, दुसऱ्यात आर एकच. तिसऱ्यात सी आणि आर दोन-दोन, पण शेवट ए-एन-सी-ई. चौथ्यात जोड्या त्याच, शेवट ई-एन-सी-ई. मराठीत ‘पती’ आणि ‘पत्ती’ कानाला वेगळे कळतात. इंग्रजीत अक्षर दोनदा लिहिलं तरी आवाज बहुधा एकाच व्यंजनाचा येतो, त्यामुळे कानावर विसंबून उत्तर सापडत नाही.

शब्द फोडला तर सापडतं. सत् आणि जन मिळून ‘सज्जन’ होतो, तशी व्यंजनसंधी लॅटिनमध्येही आहे. ‘ऑब’ हा उपसर्ग आणि ‘कुर्रेरे’, म्हणजे धावणे, हे क्रियापद. पुढच्या क-मुळे ब-चाही क झाला, म्हणून सी दोन. आर तर मुळातच दोन. शेवट कोणता? ‘अकर’, ‘रेफर’ यांसारख्या, आर-ने संपणाऱ्या आणि शेवटावर जोर असलेल्या क्रियापदांना सहसा ई-एन-सी-ई लागतं. उत्तर चौथा पर्याय.

‘अकॉमोडेट’ हा परीक्षकांचा लाडका शब्दही असाच फुटतो: ‘अ‍ॅड’, ‘कॉम’ आणि ‘मोडुस’. डी-चा सी होऊन सी दोन, ‘कॉम’चा एम पुढच्या एम-ला भेटून एम दोन. ‘रेकमेंड’मध्ये मात्र ‘री’ स्वरान्त असल्याने संधी होत नाही. तिथे सी एक, एम दोन.

प्रत्यय लागताना जोराची जागा पाहावी. ‘रेफर’चा जोर शेवटावर, म्हणून ‘रेफर्ड’मध्ये आर दोन. ‘रेफरन्स’मध्ये जोर पहिल्या अवयवावर सरकतो आणि आर एकच राहतो. ‘ऑफर’चा जोर आधीपासूनच पुढे, म्हणून ‘ऑफर्ड’लाही एकच. इंग्रजी नुसतं वाचून शिकलेल्याला हा जोर ऐकू येत नाही. शब्दकोशात जोराची खूण शोधावी लागते.

‘आय आधी, ई नंतर, पण सी-मागून उलट’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो, त्याची अट मात्र फारसं कोणी सांगत नाही. उच्चार दीर्घ ‘ई’ असेल तरच तो लावायचा. ‘बिलीव्ह’, ‘अचीव्ह’मध्ये आय-ई, ‘रिसीव्ह’, ‘सीलिंग’मध्ये ई-आय. ‘नेबर’, ‘एट’मध्ये आवाज ‘ए’चा, तिथे ई-आय येतं. अट पाळूनही ‘सीझ’, ‘प्रोटीन’, ‘कॅफीन’ नियमाबाहेरच राहतात. ते पाठच करावेत. ‘एम्बॅरस’मध्ये आर दोन आणि ‘हॅरस’मध्ये एक, हेही तसंच.

शक्य असेल तिथे पर्याय झाकून शब्द आधी स्वतः लिहून पाहावा. चुकीची रूपं दोन-तीनदा पाहिली की तीही ओळखीची वाटू लागतात, आणि मग बरोबर रूपावरच संशय येतो.