स्क्रीनवरचा नफा आणि हातात उरलेला नफा

क्रिप्टो बाजारात सर्वाधिक उलाढाल होते ती ‘पर्पेच्युअल फ्युचर’ करारांत. २०१६ मध्ये बिटमेक्सने बाजारात आणलेल्या या प्रकाराला मुदत नसते, त्यामुळे पोझिशन कितीही दिवस ठेवता येते. मात्र ती ठेवण्याला किंमत असते आणि स्क्रीनवर दिसणाऱ्या नफ्याच्या आकड्यात बहुतेकदा ती धरलेली नसते. आपल्याकडच्या शेअर दलालाच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये दलाली आणि कर ओळीने मांडलेले असतात. इथे तो हिशेब आपल्यालाच जुळवावा लागतो.

एक उदाहरण पाहू. बिटकॉइन १,००,००० यूएसडीटीवर असताना तुम्ही ०.१ बिटकॉइनची लाँग पोझिशन, म्हणजे भाव वाढेल या बाजूची, घ्यायचे ठरवले. मार्केट ऑर्डर टाकली, पण समोरच्या विक्रेत्यांकडे त्या भावाचा माल पुरेसा नव्हता आणि सरासरी भाव १,००,०५० पडला. सात दिवसांनी भाव १,०१,००० दिसताच विकायचे ठरवले, तेव्हा सौदा झाला १,००,९५० ला. ठरवलेल्या भावांनी नफा १०० व्हायला हवा होता, झालेल्या भावांनी तो ९० झाला. मधले १० यूएसडीटी म्हणजे स्लिपेज.

आता फी. मार्केट ऑर्डरला ‘टेकर’ दर लागतो. तो ०.०५ टक्के धरू. ही फी तुम्ही भरलेल्या मार्जिनवर नसते, पोझिशनच्या पूर्ण किमतीवर असते, आणि घेताना व विकताना दोन्ही वेळा लागते. सुमारे १०,००० यूएसडीटीच्या या पोझिशनवर ती दोन्ही मिळून साधारण १० झाली. दहापट लिव्हरेज असेल तर मार्जिन १,००० चे, म्हणजे फक्त फीनेच त्यातला एक टक्का खाल्ला.

तिसरा खर्च फंडिंगचा. कराराचा भाव प्रत्यक्ष बाजारभावाजवळ राहावा म्हणून ठरावीक वेळी एक बाजू दुसऱ्या बाजूला पैसे देते. दर धन असेल तर लाँगवाले शॉर्टवाल्यांना देतात, ऋण असेल तर उलट. ही देवघेव बहुतेक ठिकाणी दर आठ तासांनी होते, काही करारांत त्याहून वारंवार. त्या क्षणी पोझिशन उघडी असेल तरच ती लागू होते. दर प्रत्येक वेळी ०.०१ टक्के राहिला असे धरले, तर सात दिवसांत २१ वेळा मिळून सुमारे २१ यूएसडीटी गेले. म्हणजे स्क्रीनवर ९० आणि हातात ५९.

स्लिपेज वेगळे लिहा, पण ९० मधून पुन्हा वजा करू नका. झालेल्या भावात ते आधीच आलेले असते. ते नोंदवायचे ते आपल्या ऑर्डरची पद्धत तपासण्यासाठी. त्यासाठी ऑर्डर टाकण्यापूर्वीचा भाव त्याच वेळी टिपून ठेवावा लागतो, कारण एक्स्चेंजच्या नोंदीत फक्त झालेला भाव असतो.

आता शेजारी दुसरी पद्धत ठेवू. त्याच आठवड्यात तेवढ्याच आकाराचे २० झटपट सौदे केले, दर वेळी फंडिंगच्या वेळेआधी बाहेर पडलात, आणि झालेल्या भावांनी सरासरी १२ यूएसडीटी मिळाले. स्क्रीनवर २४०. पण प्रत्येक सौद्याला दोन्ही बाजूंची फी १०, म्हणजे २०० फीत गेले आणि उरले ४०. स्क्रीनवर अडीचपटीहून सरस दिसणारी पद्धत प्रत्यक्षात मागे पडली.

एकाच नाण्यात दोन पद्धती चालत असतील तर आणखी एक गाठ पडते. एका खात्यात एक्स्चेंज सहसा त्यांची एकच पोझिशन धरून सरासरी भाव दाखवते आणि फंडिंगही एकत्र कापते. अशा वेळी फंडिंगच्या क्षणी ज्या पद्धतीचा जेवढा हिस्सा उघडा होता, त्या प्रमाणात रक्कम वाटावी. एक पद्धत लाँग आणि दुसरी शॉर्ट असेल, तर एकीच्या नावे खर्च आणि दुसरीच्या नावे जमा मांडावी.

हिशेब बरोबर आहे की नाही, हे कळते ते ताळा जमल्यावर. एक्स्चेंजवरून व्यवहारांची फाइल उतरवून घ्या. बायनान्सच्या नोंदींत `REALIZED_PNL`, `COMMISSION` आणि `FUNDING_FEE` असे प्रकार वेगवेगळे असतात. सुरुवातीची शिल्लक घ्या, भरलेले पैसे मिळवा, काढलेले वजा करा, मग हे तिन्ही आकडे त्यांच्या चिन्हांसह मिळवा. येणारी रक्कम अखेरच्या वॉलेट शिलकेइतकी हवी. उघड्या पोझिशनचा कागदी नफा यात धरू नये. फरक आला तर आधी फी कोणत्या नाण्यात कापली ते पाहा. सवलतीसाठी ती बीएनबीमध्ये कापली जात असेल, तर यूएसडीटीच्या शिलकेत ती दिसणारच नाही. त्या वेळच्या भावाने ती बदलून हिशेबात घ्यावी लागते.

ताळा जमेपर्यंत कोणत्याही पद्धतीला फायद्याची म्हणू नका आणि तिच्यात पैसे वाढवू नका.